बाटलीतल्या गाळाचे रंग

सूर्यप्रकाशावर जगणारे सगळेच जीव ऑक्सिजन सोडत नाहीत. वर्गाच्या खिडकीत ठेवलेली चिखलाची एक बाटली हे दोन महिन्यांत डोळ्यांना दाखवते. तिला ‘विनोग्रॅडस्की स्तंभ’ म्हणतात. सर्गेई विनोग्रॅडस्की हे कीव्हमध्ये 1856 साली जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. 1880च्या दशकात स्ट्रासबर्गला ते बेग्गियाटोआ नावाच्या धाग्यासारख्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. या जिवाणूंच्या पेशींमध्ये गंधकाचे चमकदार कण दिसत. पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड संपला की ते कण हळूहळू नाहीसे होत आणि त्यांचे सल्फेट बनत असे. त्यावरून विनोग्रॅडस्कींनी ताडले, की हा जीव गंधक जाळून ऊर्जा मिळवतो. असा निर्जीव पदार्थांवर चालणारा चयापचय तोवर कुणी ओळखला नव्हता.

स्तंभ उभारायला लिटरभराची पारदर्शक बाटली पुरते. तळ्याच्या किंवा संथ ओढ्याच्या तळाचा गाळ आणावा, खडे-काटक्या वेचाव्यात आणि तळ्याच्याच पाण्यात तो दाट कालवावा. त्यातल्या पाव भागात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, चमचाभर जिप्सम आणि चमचाभर अंड्याच्या कवचाची पूड मिसळून तो तळाशी घालावा. कागद म्हणजे सेल्युलोज, जिवाणूंचे अन्न. जिप्सममधून सल्फेट मिळते आणि कवचाची पूड आम्लता आवरते. वर उरलेला साधा गाळ भरायचा, काठीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चार-पाच सेंटिमीटर पाणी राहू द्यायचे. मुंबईच्या खाडीतला किंवा कोकणातल्या खारफुटीचा गाळ असेल तर जिप्समची सहसा गरज नसते; समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते.

पहिले काही दिवस काहीच घडत नाही असे वाटते. खरे तर गाळातला ऑक्सिजन तेव्हाच संपत असतो. मग क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू कागद कुजवून त्याची साधी आम्ले बनवतात. डिसल्फोव्हिब्रिओ ही आम्ले खातो, आणि आपण श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतो तिथे तो सल्फेट वापरतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच सडक्या अंड्याचा वास. हा वायू गाळातल्या लोहाशी जुळला की काळे आयर्न सल्फाइड बनते. म्हणून तळ आधी काळा पडतो.

आता बाटलीत दोन विरुद्ध प्रवाह चालू होतात. खालून सल्फाइड वर झिरपतो, वरून ऑक्सिजन खाली. प्रत्येक जीव आपल्याला मानवेल ती उंची धरतो. सल्फाइड जास्त सोसणारे हिरवे गंधक-जिवाणू साधारणपणे खाली आणि क्रोमॅटियमसारखे जांभळे त्यांच्या वर दिसतात. दोघेही प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडतात. म्हणून त्यांच्याकडून ऑक्सिजन सुटत नाही, गंधक तयार होते. हिरवे ते पेशीबाहेर टाकतात, जांभळे पेशीतच साठवतात. त्यांची रंगद्रव्ये आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतात. गाळाच्या पृष्ठभागाजवळ, जिथे सल्फाइड आणि ऑक्सिजन भेटतात, तिथे बेग्गियाटोआची पांढरट साय धरू शकते. वरच्या पाण्यात नीलहरित जिवाणू आणि शेवाळ ऑक्सिजन सोडत असतात. गंधकाचे पुन्हा सल्फेट झाले, की तळचे जिवाणू तेच पुन्हा वापरतात.

हे सगळे मुलांना पटवायचे असेल तर बाटलीच्या एका बाजूला काळ्या कागदाची उभी पट्टी चिकटवावी. दोन महिन्यांनी ती काढली की तिच्या आड हिरवे-जांभळे डाग दिसत नाहीत किंवा अगदी फिके असतात. काळा रंग मात्र तिथेही असतो. सल्फेट वापरणाऱ्यांना उजेड लागत नाही आणि रंगीत जिवाणूंचे त्यावाचून चालत नाही, हे एकाच बाटलीत दिसते.

बाटली बिघडते ती बहुधा अतिउत्साहाने. कागद जास्त झाला तर सल्फाइड इतका साठतो की सगळी बाटली काळी होते आणि रंग उमटत नाहीत. कडक उन्हात गाळ तापतो, म्हणून थेट ऊन न येणारी उजेडाची खिडकी बरी. झाकण घट्ट आवळू नये, आत वायू साठतो. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, तेव्हा बाटलीला नाक लावून वास घेऊ देऊ नये आणि खोली हवेशीर असावी. केवळ रंगावरून जिवाणूचे नाव ठरवणेही घाईचे आहे. वरचा हिरवा बहुधा शेवाळाचा असतो, काळ्या गाळालगतचा हिरवा गंधक-जिवाणूंचा असू शकतो. खात्री सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही.

या नमुन्यात एक मोठी सूट घेतलेली आहे. बाटलीत उजेड बाजूने येतो, म्हणून रंगांचे पट्टे कित्येक सेंटिमीटर पसरतात. खाऱ्या दलदलीच्या गाळात प्रकाश फक्त वरून येतो, आणि तिथे हेच थर अवघ्या काही मिलिमीटरांत दाटलेले असतात.