पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर

रेडिओ रिसीव्हर सिग्नल मोठा करतो तेव्हा त्याच्याबरोबर आलेली खरखरही तेवढीच मोठी होते, आणि स्वतःच्या घटकांमधली थोडी खरखर त्यात वरून मिसळते. ही भर किती पडली याचे माप म्हणजे नॉइज फिगर. रिसीव्हरमध्ये शिरताना सिग्नल खरखरीच्या किती पट होता आणि बाहेर पडताना किती पट उरला, या दोन आकड्यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडले की नॉइज फिगर मिळते. ती ३ डेसिबल असेल तर हे प्रमाण निम्म्यावर आलेले असते. शून्य डेसिबल म्हणजे काहीच भर न घालणारा आदर्श रिसीव्हर.

या व्याख्येत एक अट आहे आणि ती सहज नजरेआड होते. आत येणारी खरखर २९० केल्व्हिन, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सिअस तापमानाच्या वस्तूइतकी आहे, असे त्यात धरलेले असते. म्हणून अभियंते रिसीव्हरने घातलेली भरही तापमानातच सांगतात. ३ डेसिबल म्हणजे २९० केल्व्हिनची भर, अर्ध्या डेसिबलची सुमारे ३५ केल्व्हिनची.

तापमानात बोलण्याची गरज पुणे जिल्ह्यात खोडदला लगेच कळते. नारायणगावजवळच्या या गावी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या परिसरात पसरलेल्या आहेत. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी टिपताना आकाशाच्या शांत भागातून येणारी खरखर पाच केल्व्हिनच्या आसपास असते. तिथे अर्ध्या डेसिबलचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर पाचाचे चाळीस केल्व्हिन होतात. आकाशाच्या मानाने खरखर आठपट वाढली, म्हणजे नऊ डेसिबलचे नुकसान झाले. ‘अर्धा डेसिबल’ हा आकडा इतका फसवा असू शकतो.

मात्र रिसीव्हर म्हणजे एकच अ‍ॅम्प्लिफायर नव्हे. अ‍ॅम्प्लिफायर, केबल, पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर, अशी साखळी असते आणि प्रत्येक कडी आपली खरखर घालते. तरीही एकूण बेरजेत सगळ्यांचा वाटा सारखा नसतो. पहिल्या टप्प्याने सिग्नल हजारपट मोठा केला असेल, तर दुसऱ्या टप्प्याची खरखर त्या मोठ्या झालेल्या सिग्नलशेजारी येऊन पडते. साखळीच्या तोंडाशी मोजली तर ती हजारांश भरते. तिसऱ्या टप्प्याची खरखर आधीच्या दोन्ही टप्प्यांच्या गुणाकाराने भागली जाते. बेल लॅब्जमधल्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये हे सूत्र मांडले. T म्हणजे टप्प्याची भर आणि G म्हणजे त्याची वाढ:

T = T1 + T2/G1 + T3/(G1·G2) + …

पहिल्या टप्प्याच्या खरखरीला भागणारे काहीच नाही. ती पूर्णच्या पूर्ण जमा होते.

सोयीचे आकडे घेऊन हिशेब करून पाहता येतो. अर्ध्या डेसिबलचा, हजारपट वाढ देणारा अ‍ॅम्प्लिफायर आहे. सहा डेसिबलने, म्हणजे चौपट, सिग्नल घटवणारी केबल आहे. शेवटी सहा डेसिबल नॉइज फिगरचा रिसीव्हर आहे. केबल वाढ देत नाही, उलट सिग्नल खाते आणि स्वतःच्या उष्णतेची खरखर सोडते. खोलीच्या तापमानाला तिची नॉइज फिगर तिच्या घटीइतकीच, इथे सहा डेसिबल, असते. म्हणजे केबलची आणि रिसीव्हरची भर प्रत्येकी सुमारे ८६५ केल्व्हिन. अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाशी लावला तर ३५, केबलचा ०.९ आणि रिसीव्हरचे ३.५ मिळून एकूण ३९ केल्व्हिन होतात. तोच अ‍ॅम्प्लिफायर केबलच्या खालच्या टोकाला लावला तर केबलचे ८६५ पूर्ण मोजावे लागतात. अ‍ॅम्प्लिफायरचे ३५ चौपट होऊन १४० होतात, रिसीव्हरचे साडेतीन तेवढेच राहतात, आणि एकूण हजाराच्या वर जाते. सामान तेच, केवळ क्रम बदलला. एकदा सिग्नल खरखरीत बुडाला की पुढे कितीही मोठा केला तरी खरखरही त्याच्याबरोबर वाढते.

म्हणूनच खोडदला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तबकडीच्या नाभिबिंदूपाशी, उंचावर बसवलेला आहे. घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या डीटीएचच्या छोट्या छत्रीतही हेच तत्त्व आहे. दांड्याच्या टोकावरच्या डबीत, ज्याला एलएनबी म्हणतात, पहिला अ‍ॅम्प्लिफायर असतो. खाली टीव्हीपर्यंत जाणारी केबल त्याच्यानंतर येते.

पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्याही आधी काही ठेवावे लागले तर त्याची किंमत मोजावीच लागते. जवळच्या मोबाइल टॉवरचा जोरदार सिग्नल नाजूक अ‍ॅम्प्लिफायरला गुदमरवू शकतो. तो अडवायला पुढे फिल्टर लावला आणि त्याची घट ०.२ डेसिबल असली, तरी तेवढ्यानेच सुमारे १४ केल्व्हिन वाढतात.

या साऱ्या खटपटीला मर्यादाही आहे. १५० मेगाहर्ट्झला आपल्या आकाशगंगेचीच खरखर शेकडो केल्व्हिनची असते. ती ३०० धरली, तर अ‍ॅम्प्लिफायर ३५ वरून २० केल्व्हिनवर आणल्याने एकूण ३३५ चे ३२० होतात, जेमतेम साडेचार टक्के सुधारणा. १४२० मेगाहर्ट्झला मात्र हाच बदल आकाश आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची बेरीज ४० वरून २५ वर आणतो.

ही भर प्रत्यक्षात मोजण्याची रीत सोपी आहे. रिसीव्हरच्या तोंडाशी एकदा खोलीच्या तापमानाचा रोधक जोडतात आणि एकदा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला, ७७ केल्व्हिनचा. बाहेर पडणारी खरखर दोन्ही वेळा मोजतात. रिसीव्हर जितका शांत, तितके दोन्ही मापांचे गुणोत्तर मोठे. दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली, तर बहुतेक खरखर रिसीव्हरच्या आतूनच येत आहे.