दुहेरी मुळापाशी न्यूटनची पद्धत का रेंगाळते?

x³ − 3x + 2 = 0 हे समीकरण घ्या. त्याचे अवयव पाडले की (x − 1)²(x + 2) मिळतात. म्हणजे −२ हे मूळ एकदा येतं आणि १ हे मूळ दोनदा. न्यूटन-रॅफसन पद्धत पारखायला असं समीकरण फार सोयीचं, कारण तिचा झपाटा आणि तिचं रेंगाळणं, दोन्ही इथे शेजारी-शेजारी पाहायला मिळतं.

पद्धत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. मुळाचा एक अंदाज घ्यायचा, त्या जागी आलेखाला स्पर्शिका काढायची आणि ती X-अक्षाला जिथे छेदेल तो पुढचा अंदाज मानायचा. सूत्रात मांडायचं तर x − f/f′. इथे f म्हणजे त्या जागची आलेखाची उंची आणि f′ म्हणजे तिथला चढ.

आधी −३ पासून निघू. पुढचे अंदाज येतात −२.३३३३, −२.०५५६, −२.००१९ आणि मग −२.०००००२५. चौथ्या पायरीलाच चूक दशलक्षांशाच्या घरात पोचते. मुळाजवळ प्रत्येक नवी चूक आधीच्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे बरोबर आलेले दशांश दर पायरीला साधारण दुप्पट होतात. याला वर्गीय अभिसरण म्हणतात.

आता दुसऱ्या बाजूने, २ पासून. अंदाज येतात १.५५५६, १.२९७९, १.१५५४, १.०७९६, १.०४०३. पाच पायऱ्या झाल्या तरी दुसरा दशांशसुद्धा हाती लागलेला नाही. १ पासूनचं अंतर दर वेळी जेमतेम निम्मं होतंय. याच चालीने चूक दशलक्षांशाच्या खाली न्यायला एकवीस पायऱ्या लागतात. हे झालं रेषीय अभिसरण.

कारण आलेखाच्या आकारात आहे. −२ पाशी आलेख X-अक्षाला सरळ कापून जातो. तिथे जवळून पाहिलं तर तो जवळपास रेषाच असतो, म्हणून स्पर्शिका त्याची हुबेहूब जागा घेते. १ पाशी मात्र तो अक्षाला नुसता टेकून परत वर वळतो. तिथे कितीही जवळ जा, दिसतो तो अन्वस्तच, म्हणजे पॅराबोला. मुळापासूनचं अंतर e धरलं तर उंची साधारण 3e² आणि चढ साधारण 6e. भागाकार e/2. म्हणजे स्पर्शिका आपल्याला मुळाकडे नेते ती नेमकी अर्ध्या वाटेपर्यंत, आणि जवळ गेल्यावरही हे अर्धं काही सुटत नाही. मूळ तिहेरी असतं तर ती एक तृतीयांशच वाट चालली असती आणि दर पायरीला दोन तृतीयांश चूक शिल्लक राहिली असती.

दोष इतका नेमका कळला की उपायही त्यातूनच निघतो: पाऊल निम्मं पडतंय, तर ते दुप्पट टाका. सूत्र होतं x − 2f/f′, आणि मूळ m वेळा येत असेल तर x − m·f/f′. पुन्हा २ पासून निघू: १.१११, १.००१९, १.००००००६. एकवीस पायऱ्यांचं काम तीन पायऱ्यांत झालं. उंची आणि चढाच्या अंदाजातला मुख्य भाग दुपटीने पूर्ण कापला गेला, उरला तो e च्या वर्गाचा भाग.

अडचण अशी की व्यवहारात m आधी ठाऊक नसतो. मनाने दोन धरून चालत नाही. −३ पासून, जिथे मूळ एकेरी आहे, दुप्पट पाऊल टाकलं तर अंदाज −१.६६६७ वर जातो, तिथून −२.५५५६ वर, आणि मुळाच्या दोन्ही अंगांना हेलकावे खात बसतो. म्हणून आधी साध्या पद्धतीने काही पायऱ्या चालून लागोपाठच्या पावलांचं गुणोत्तर पाहावं. आपल्या उदाहरणात चौथं पाऊल ०.०७५८ आणि पाचवं ०.०३९३, गुणोत्तर ०.५१८. हे गुणोत्तर 1 − 1/m कडे झुकतं, त्यावरून m येतो २.०७, म्हणजे २.

जर्मन गणितज्ञ एर्न्स्ट श्रोडर यांच्या १८७० च्या लेखातून आलेली दुसरी वाट m विचारतच नाही. f ऐवजी f/f′ या नव्या फलावर न्यूटनची पद्धत चालवायची. या फलात प्रत्येक मूळ एकेरीच उरतं, त्यामुळे वेग आपोआप परततो. किंमत एवढीच की f″ सुद्धा काढावा लागतो.

मात्र वेग परत आला म्हणून अचूकताही मिळेलच असं नाही. संगणक नेहमीच्या हिशेबात सुमारे सोळा अंक धरतो. दुहेरी मुळापाशी उंची 3e² इतकी चिमुकली असते, त्यामुळे e साधारण १०⁻⁸ झाला की ती पूर्णांकनाच्या चुकीत बुडते. सोळापैकी आठच अंक भरवशाचे राहतात. त्यापुढे पायऱ्या चालवत राहिलात तर f/f′ मध्ये निव्वळ गोंगाट येतो, आणि अंदाज उलट सातव्या दशांशापर्यंत मागे फेकला जाऊ शकतो किंवा चढ शून्य होऊन भागाकारच अडतो. पावलं लहान होत होत अचानक मोठी झाली, तर ती मोठी होण्याआधीचा अंदाज घ्यावा आणि तिथेच थांबावं.