संशोधन पद्धतीचा एक परिच्छेद

पीएच.डी.च्या असंख्य प्रबंधांत, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, साधारण असा मजकूर आढळतो: ‘संकलित माहितीचे विश्लेषण रिग्रेशन पद्धतीने केले. आवश्यक ती सर्व गृहीतके तपासली. त्यासाठी एसपीएसएस वापरले.’ यात खोटे काही नसेल, पण हे वाचून दुसऱ्या कुणाला तेच विश्लेषण पुन्हा करता येणार नाही. कशावरून कशाचा अंदाज बांधला, किती नोंदी वापरल्या, कोणती गृहीतके कशी तपासली आणि तपासणीत काय निघाले, यातले काहीच कळत नाही. हा परिच्छेद कसा घडतो ते पाहण्यासाठी कुणालाही उघडता येईल अशी खरी माहिती घेऊ.

‘आर’ या मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरसोबत `airquality` नावाचा तक्ता येतो. त्यात न्यूयॉर्क शहरातील मे ते सप्टेंबर 1973 या 153 दिवसांच्या हवेच्या नोंदी आहेत. प्रश्न असा घेऊ: ऊन, वारा आणि तापमान यांवरून त्या दिवशीच्या ओझोनचा अंदाज किती बांधता येतो? ज्याचा अंदाज बांधायचा ते अवलंबी चल, म्हणजे ओझोन. ज्यांवरून बांधायचा ती स्वतंत्र चले. रिग्रेशन प्रत्येक स्वतंत्र चलाला एक गुणक देते. बाकीची दोन तशीच राहिली आणि हे एक एककाने वाढले, तर ओझोन कितीने बदलेल, हे तो गुणक सांगतो.

म्हणूनच चलांची नुसती नावे पुरत नाहीत. ती कुठे, केव्हा आणि कोणत्या एककात मोजली ते लिहावे लागते. या तक्त्यातला ओझोन दुपारी एक ते तीन या वेळेतला, रूझवेल्ट बेटावर मोजलेला सरासरी आकडा आहे. एकक, अब्जात किती भाग. ऊन सेंट्रल पार्कमध्ये सकाळी आठ ते बारा या वेळेत मोजले आहे. सकाळच्या वाऱ्याचा वेग मैल प्रतितास आणि दिवसाचे कमाल तापमान फॅरनहाइटमध्ये. ही दोन्ही लाग्वार्डिया विमानतळावरची. म्हणजे चार आकडे तीन निरनिराळ्या ठिकाणचे आहेत. वाचकाला हे कळले तरच निष्कर्षावर किती भिस्त ठेवायची ते त्याला ठरवता येईल.

पुढचा प्रश्न नोंदींच्या संख्येचा. दिवस 153, पण 37 दिवसांचा ओझोन नोंदलेला नाही आणि 7 दिवसांचे ऊन नोंदलेले नाही. काही दिवशी दोन्ही नाहीत. रिग्रेशन चालवताना सॉफ्टवेअर अशा अपुऱ्या 42 ओळी आपोआप गाळते आणि उरतात 111. प्रबंधात ‘153 दिवसांचा अभ्यास’ असे लिहून गेले, तर ते चूक ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही गळती सगळीकडे सारखी नाही. जूनच्या तीस दिवसांपैकी केवळ 9 दिवसांचा ओझोन उपलब्ध आहे. हे प्रतिमान जूनबद्दल फार थोड्या आधारावर बोलते, आणि ते परिच्छेदात आलेच पाहिजे.

आता गृहीतके. इथे सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे प्रत्येक चलाची प्रसामान्यता तपासत बसणे. रिग्रेशनला स्वतंत्र चले घंटेच्या आकाराची असण्याची गरज नसते. अट असते ती अवशेषांवर. प्रत्यक्ष ओझोन वजा प्रतिमानाने वर्तवलेला ओझोन, म्हणजे अवशेष. म्हणून आधी प्रतिमान बसवायचे आणि मग त्याचे अवशेष तपासायचे, हा क्रम उलटवून चालत नाही.

मूळ ओझोन घेऊन प्रतिमान बसवले आणि अवशेषांचा आलेख काढला, तर दोन गोष्टी दिसतात. ओझोनचा अंदाज वाढत जातो तसतसे ठिपके अधिकाधिक विखुरतात. म्हणजे अवशेषांचा पसारा सर्वत्र सारखा असण्याची अट मोडते. शिवाय ठिपक्यांत वाक येतो, म्हणजे नाते सरळ रेषेचे नाही. 9 मेचाच दिवस घ्या. वारा ताशी 20.1 मैल, कमाल तापमान 61 अंश आणि ऊन जेमतेम. प्रतिमानाचा अंदाज येतो उणे 29. ओझोन शून्याखाली जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो 8 होता.

उपाय म्हणून ओझोनचा लॉगॅरिदम अवलंबी चल धरतात.

```
lm(log(Ozone) ~ Solar.R + Wind + Temp, data = airquality)
```

आता त्याच 9 मेचा अंदाज, लॉग उलटवून, सुमारे 5 येतो. गुणकांचा अर्थही बदलतो. तापमानाचा गुणक 0.049 आहे, म्हणजे ऊन आणि वारा तेच असताना एका अंशामागे ओझोन सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो. वाऱ्याचा वेग ताशी एका मैलाने वाढला, तर तो सुमारे 6 टक्क्यांनी घटतो. मात्र लॉग घेतल्यावर 21 मे हा दिवस उठून दिसू लागतो. त्या दिवशी ओझोन फक्त 1 होता आणि अंदाज जवळपास 8 आहे. अशी नोंद गुपचूप काढून टाकायची नसते. ती ठेवून आणि वगळून, असे दोन्ही निकाल द्यायचे.

दोन गृहीतके उरली. स्वतंत्र चले एकमेकांत फार गुंतलेली असतील, तर कुणाचा परिणाम किती हे वेगळे करता येत नाही. त्यासाठी व्हीआयएफ हा निर्देशांक पाहतात. इथे तिन्हींचा 1.5 पेक्षा कमी आहे, म्हणून काळजी नाही. दुसरे, नोंदी परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. आजची हवा कालच्या हवेसारखी असणे स्वाभाविक असल्याने हे गृहीतक इथे सर्वांत नाजूक आहे. डर्बिन-वॉटसन चाचणी लागोपाठच्या ओळींची तुलना करते. पण 42 ओळी गळाल्यावर लागोपाठची ओळ म्हणजे आदला दिवस असेलच असे नाही. तारखा जुळवूनच ही तपासणी करावी लागते.

हे सारे लिहिल्यावर परिच्छेद असा होतो:

‘न्यूयॉर्कमधील मे ते सप्टेंबर 1973 या काळातील 153 दिवसांपैकी चारही चलांची नोंद असलेले 111 दिवस विश्लेषणात घेतले, जूनमधील केवळ 9 दिवस त्यांत आहेत. अवलंबी चल ओझोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम. स्वतंत्र चले सौर प्रारण (लँग्ली), वाऱ्याचा वेग (मैल प्रतितास) आणि कमाल तापमान (फॅरनहाइट). मूळ ओझोनवरील प्रतिमानाच्या अवशेषांत वाक व असमान विखुरणे आढळल्याने लॉग घेण्याचा निर्णय नंतर केला. रेषीयता, समान पसारा व प्रसामान्यता अवशेषांच्या आलेखांवरून तपासली. व्हीआयएफ तिन्ही चलांसाठी 1.5 पेक्षा कमी होता. सलग तारखांच्या अवशेषांतील सहसंबंध स्वतंत्रपणे पाहिला. 21 मेची नोंद ठेवून व वगळून, असे दोन्ही निकाल दिले आहेत. विश्लेषण आर 4.3.1 मधील `lm` फलनाने केले.’

यातले ‘निर्णय नंतर केला’ हे शब्द गाळण्याचा मोह होतो, पण गाळू नयेत. आकडे पाहून प्रतिमान बदलले, तर त्याच आकड्यांवर ते जरा अधिक चांगले बसणारच, आणि परीक्षकाला हे ठाऊक असायला हवे. सॉफ्टवेअरची आवृत्ती देण्यामागेही कारण आहे. आवृत्तीगणिक काही फलनांची मूळ मांडणी बदलते. आकडा लिहिलेला असला, की उत्तरात फरक पडल्यास शोध कुठून सुरू करायचा ते पुढच्या संशोधकाला कळते.