पायऱ्या कमी करा, इशारे नाही

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरण्याची माहिती पुस्तिकेत पानभर पसरलेली असते. ती चार ओळींत आणताना आधी पायऱ्या लिहू नयेत. पेन्सिल घेऊन पुस्तिकेतला प्रत्येक इशारा अधोरेखित करावा, त्याला इ१, इ२ असे क्रमांक द्यावेत, मगच बाकीचा मजकूर छाटावा.

इशारा ज्या कृतीचा, तिच्या आधी यायला हवा. सगळे इशारे शेवटी ‘सूचना’ म्हणून गोळा केले, तर वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत झाकण उघडून मोकळा झालेला असतो. म्हणून असे लिहावे:

१. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, ठिणगीने स्फोट होऊ शकतो. काडी, विडी, दिवा दूर ठेवा. इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद करा.
२. आत आम्ल आहे, त्वचा आणि डोळे भाजतात. चष्मा, रबरी हातमोजे घाला. मगच झाकणे उघडा.
३. आम्ल किंवा नळाचे पाणी कधीही घालू नका. फक्त डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत भरा. जास्त झाल्यास आम्ल बाहेर येते.
४. झाकणे घट्ट लावा, मग स्विच सुरू करा.

आम्ल डोळ्यांत गेले तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहून डॉक्टरकडे जाणे, ही ओळ कोणत्याच पायरीत बसत नाही. ती सर्वांत वर, ठळक लिहावी.

छाटताना बहुधा कारणच उडते. ‘काडी पेटवू नका’ एवढेच उरले, की अंधारात पातळी पाहायला कुणीतरी मेणबत्ती आणतो. शेवटी क्रमांक जुळवावेत; एकही इशारा बेपत्ता असेल तर मसुदा अपुरा आहे.