रेग्युलेटर कुठल्या नंबरवर तापतो?

उन्हाळा सरत आला, रात्री थोडा गारवा पडला की पंखा पाचवरून दोनवर येतो आणि त्याच रात्री घरात कोणाच्या तरी लक्षात येतं की पंखा घरघरतोय. बोर्डाला हात लावला तर रेग्युलेटर कोमट, कधी चटका बसेल इतका गरम. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येतो, "रेग्युलेटर गेला" म्हणतो, नवा बसवतो. पुष्कळदा नवाही तसाच तापतो. कारण रेग्युलेटर तापतो तेव्हा दोष त्याचाच असतो असं नाही. तो कुठल्या नंबरवर तापतो हे नीट पाहिलं, तर पंख्याबद्दल बरंच काही कळतं.

जुन्या घरांत बोर्डाखाली काळी, जड पेटी असायची. तिच्यात तारेचं वेटोळं होतं. पंख्याचा वेग कमी करायचा म्हणजे विजेचा काही भाग त्या तारेत जाळायचा, एवढाच तिचा उद्योग. म्हणून ती कमी वेगावरच जास्त तापायची, आणि ते तापणं रास्त होतं. आजच्या छोट्या, सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं काम वेगळं आहे. त्यात ट्रायॅक नावाचा नखाएवढा भाग असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ दिशेला येते, म्हणजे 100 अर्धलहरी होतात. ट्रायॅक प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा तुकडा अडवतो आणि उरलेला पंख्याला सोडतो. पाचवर तो जवळजवळ काहीच अडवत नाही. दोनवर अर्ध्याहून जास्त लहर अडवून धरतो आणि दाब भर माथ्यावर असताना, म्हणजे 300 व्होल्टच्या आसपास, एकदम दार उघडतो.

घरघर इथूनच येते. झोपाळ्याला लयीत झोका द्यायच्या ऐवजी कोणी सेकंदाला शंभर वेळा गचके द्यावेत, तसं पंख्याच्या मोटरचं होतं. वाइंडिंगच्या तारा आणि लोखंडाच्या पत्र्यांची चवड त्या गचक्यांनी थरथरते, आणि वर छताला टांगलेला दांडा तो आवाज खोलीभर पोचवतो. त्यामुळे हलकी गुणगुण हा बिघाड नाही. ती या पद्धतीबरोबर येतेच. रेग्युलेटरमध्ये गचका बोथट करणारी छोटी चोक असली तर आवाज कमी येतो. स्वस्त मालात ती गाळलेली असते. जवळ जुना रेडिओ लावला आणि पंखा दोनवर ठेवला की रेडिओत खरखर वाढते, तीही याच गचक्यांची.

आता उष्णतेकडे येऊ. नेहमीचा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॅट घेतो, म्हणजे प्रवाह एक तृतीयांश अँपिअर. ट्रायॅकमधून प्रवाह जाताना त्याच्या दोन टोकांत व्होल्टभराचा, फार तर सव्वा व्होल्टचा फरक राहतो. गुणाकार केला तर ट्रायॅकमध्ये 0.4 वॅटच्या आसपास उष्णता होते. वेग कमी केला की प्रवाह घटतो आणि हा आकडाही उतरतो. मग कमी वेगावर रेग्युलेटर जास्त का तापावा?

त्याचं कारण ट्रायॅकच्या शेजारी बसलेली एक जोडी आहे : एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. पंखा हा वाइंडिंगचा भार आहे. त्यातला प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. प्रवाह शून्यावर येऊन ट्रायॅक बंद होतो त्या क्षणी दाब मात्र शून्यावर नसतो, तो ट्रायॅकवर एकदम येऊन आदळतो. हा धक्का सोसवला नाही तर ट्रायॅक बंदच होत नाही, आणि पंखा बटण कुठेही फिरवलं तरी पूर्ण वेगात फिरत राहतो. तो धक्का पचवायला ही जोडी असते. पण ट्रायॅक दर वेळी दार उघडतो तेव्हा कपॅसिटरमध्ये साठलेला भार रेझिस्टरमधून ओतला जातो. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 300 व्होल्ट धरले तर सेकंदाला शंभर वेळा मिळून जवळजवळ अर्धा वॅट त्या इवल्याशा रेझिस्टरमध्ये जळतो. पाचवर दार अगदी सुरुवातीलाच, दाब कमी असताना उघडतं, त्यामुळे ही उष्णता नगण्य. दोनवर ती सर्वांत जास्त. भिंतीत बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत अर्धा-पाऊण वॅटही हाताला जाणवतो.

म्हणजे पाचवर गार आणि एक-दोनवर कोमट, हा रेग्युलेटरचा स्वभाव आहे. त्यासाठी पंख्यावर संशय घ्यायचं कारण नाही. याच्या उलट, सगळ्याच नंबरांवर गरम आणि पाचवर सर्वांत गरम असेल, तर ती उष्णता प्रवाहाची आहे. पंखा, किंवा त्या रेग्युलेटरवर जे काही जोडलंय ते, ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय. रेग्युलेटरच्या मागे वॅटचा आकडा छापलेला असतो. एकाच रेग्युलेटरवर दोन पंखे जोडून दिलेले वर्ग आणि हॉल पुष्कळ आहेत, तिथे हे हटकून दिसतं. मात्र पाचवर गरम होण्याचं आणखी एक साधं कारण आधी वगळावं. वायरचा स्क्रू सैल असला तर त्या ठिकाणीच उष्णता होते. तशा वेळी स्क्रूजवळचं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं दिसतं.

ओळखीच्या एका घरातला किस्सा सांगतो. हॉलमधला पंखा जुना, वजनदार, दोन उन्हाळ्यांपूर्वी रिवाइंडिंग करून आणलेला. रेग्युलेटर दोनदा बदलून झाले होते. तिसराही पाचवर चटका देत होता आणि दोनवर घरघर इतकी की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. आधी हॉल आणि बेडरूमच्या रेग्युलेटरची अदलाबदल केली. हॉलमध्ये गेलेला बेडरूमचा रेग्युलेटर तापू लागला, बेडरूममध्ये आलेला हॉलचा गार राहिला. दोष पंख्याबरोबर राहिला, रेग्युलेटरबरोबर गेला नाही. निम्मा निकाल इथेच लागला.

मग वीज मोजली, तीही घरातल्या मीटरवर. बऱ्याच मीटरवर 3200 imp/kWh असं छापलेलं असतं. याचा अर्थ एका युनिटला लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. फ्रिज, वायफाय, टीव्ही, इन्व्हर्टर, सगळं बंद करून फक्त एक पंखा पाचवर चालू ठेवायचा आणि दहा लुकलुकी किती सेकंदांत होतात ते पाहायचं. 11250 ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. मीटर तळमजल्यावरच्या खोलीत, म्हणून एक जण वर पंख्याशी आणि दुसरा खाली मीटरसमोर, मध्ये फोन चालू. बेडरूमच्या पंख्याला दहा लुकलुकींना 150 सेकंद लागले, म्हणजे 75 वॅट. हॉलच्या पंख्याला 98. भागाकार 115 वॅटच्या जवळ जातो.

हे 40 वॅट हवेत गेले नव्हते, पंखा काही दीडपट वारा देत नव्हता. रिवाइंडिंग करताना तांबं वाचवायला वेढे कमी घातले की मोटर मुळातच जास्त प्रवाह ओढते आणि लोखंडात चुंबकत्व दाटतं. एका जागी वेढ्यांचं इनॅमल जळून ते एकमेकांना टेकले, तरी परिणाम तसाच होतो. उष्णता वाइंडिंगमध्ये होते, गुणगुण वाढते आणि बिचारा रेग्युलेटर मधल्या मध्ये तापतो. पंखा तासभर चालवून, बंद करून, मोटरच्या वाटीवर हात ठेवला तर नेहमीच्या पंख्याची वाटी गरम लागते, पण हात टिकतो. इथे हात टिकत नव्हता. पुन्हा रिवाइंडिंग करून घेण्यापेक्षा पंखाच बदलला, आणि तो निर्णय मला पटला.

"पंखा जड फिरतो म्हणून रेग्युलेटर तापतो" असं इलेक्ट्रिशियन सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. बेअरिंग सुकलं किंवा पंख्याचा कंडेन्सर उतरला, तर पंखा मंद होतो आणि मोटर तापते, पण छताच्या पंख्याचा प्रवाह त्याने फारसा वाढत नाही. कंडेन्सर उतरल्याची खूण वेगळी आहे : एक-दोनवर पंखा गुणगुणतो पण सुरूच होत नाही, बोटाने ढकलला तर फिरू लागतो. पुष्कळ पंख्यांत तो 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. जुन्याच्या अंगावर छापलेला आकडा पाहून तोच आणावा. काम स्वस्तातलं आहे.

एक बिघाड मात्र खरोखर रेग्युलेटरचा असतो आणि तो ओळखता यायला हवा. ट्रायॅक कधी कधी एकाच दिशेची अर्धलहर सोडू लागतो. मग पंख्यात एकतर्फी प्रवाह शिरतो, मोटरचा घरघराट खर्जात जातो, वेग पडतो आणि मोटर व रेग्युलेटर दोन्ही तापतात. इलेक्ट्रिशियन पंख्याच्या जागी जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब लावून हे तपासू शकतो. रेग्युलेटर ठीक असेल तर बल्ब मंद पण स्थिर जळतो. एकतर्फी झाला असेल तर बल्ब डोळ्यांना जाणवेल असा फडफडतो. असा रेग्युलेटर त्याच दिवशी काढावा, कारण तो हळूहळू पंख्याचं वाइंडिंगही संपवतो. या तपासाला एलईडी बल्ब चालत नाही, तो चांगल्या रेग्युलेटरवरही फडफडेल.

घरघर अजिबात नको असेल, तर पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर घ्यावा. तो लहर कापत नाही, फक्त दाब उतरवतो, त्यामुळे गुणगुण जवळजवळ जाते. वेग मात्र तीन-चार ठरावीक पायऱ्यांतच बदलतो. दुकानात "पायऱ्यांचा द्या" एवढंच सांगून भागत नाही, कारण ट्रायॅकवालेही टक-टक फिरणारे मिळतात. कपॅसिटरवालाच हवा असं स्पष्ट सांगावं.

नवा पंखा बीएलडीसी असेल तर रेग्युलेटरच काढून ठेवायचा. छताच्या पंख्यांना 1 जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं झालं आणि 30 वॅटच्या आसपास चालणारे हे पंखे घरोघरी दिसू लागले. त्यांच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ते विजेची आधी डीसी करून घेतं. त्याच्या आधी लहर कापणारा ट्रायॅक आला की दर गचक्याला आतल्या कपॅसिटरमध्ये प्रवाहाचा लोंढा घुसतो. रेग्युलेटर सीं-सीं करतो, तापतो, पंखा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि अखेर दोघांपैकी एक जळतो. भार निम्म्याहून कमी, तरी रेग्युलेटर जास्त गरम, असं हे विचित्र प्रकरण आहे. कंपनीने पंख्याच्या माहितीपत्रकात रेग्युलेटर चालतो असं स्वच्छ लिहिलं नसेल, तर एमसीबी पाडून रेग्युलेटरच्या दोन वायरी एकत्र जोडून घ्याव्यात, त्यावर कनेक्टर बसवावा आणि वेगाचं काम रिमोटवर सोडावं.