जखमेचं वय

लाळ्या-खुरकूत ओळखायला डॉक्टर लागत नाही, असं गावात कुणीही सांगेल. तोंडातून दोऱ्यासारखी लाळ गळतेय, जनावर पाय झटकतंय, वैरणीला तोंड लावत नाही, म्हणजे लाळ्या. यात चूक काही नाही. पण ही लक्षणं लांबूनही दिसायला लागतात तेव्हा रोगाचे विषाणू त्या गोठ्यातून एकदोन दिवस आधीच बाहेर पडलेले असतात. दुधात तर ते फोड येण्याआधी चार दिवसांपर्यंतही सापडतात. म्हणून ‘रोग कोणता’ हे कळल्यावर अनुभवी पशुवैद्य लगेच पुढचा प्रश्न विचारतो, ‘आला कधी?’ त्याचं उत्तर जनावराच्या जिभेवर असतं.

जीभ बघायची कशी, ते आधी सांगतो. जनावर दाव्याला आखूड बांधायचं, एका हाताने नाकपुड्यांमध्ये बोटं घालून तोंड वर धरायचं आणि दुसऱ्या हाताने जीभ हळूच एका बाजूने बाहेर काढायची. आजार नुकताच सुरू झाला असेल, तर जिभेवर, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या जबड्यात जिथे पुढचे दात नसतात त्या कठीण गादीवर पांढुरके, पाणी भरलेले फोड दिसतात. हा टप्पा फार थोडा टिकतो. साधारण दिवसभरात फोड फुटतात. त्या वेळी जीभ हातात धरली, तर वरची पांढरी कातडी सुटून हातातच येते आणि खाली लालभडक, ओली जखम उघडी पडते. तिची कड सरळ आणि धारदार असते. जनावर ‘चप् चप्’ असा ओठांचा आवाज करत असतं. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट असतो, मात्र फोड फुटल्यावर तो उतरू लागतो.

खुरांकडे वळताना आधी पाणी घ्यावं. शेण-चिखलाने भरलेला पाय बघून ‘काही नाही’ म्हणणं ही रोजची चूक आहे. पाय धुतला की दोन खुरांमधल्या बेचकीत, टाचेजवळ आणि खूर जिथे कातडीला मिळतो त्या वरच्या कडेला फोड किंवा सोललेली जागा दिसते. दुभत्या गाईचे सडही बघावेत. तिथेही फोड येतात आणि धार काढताना गाय लाथ मारते. एकाच जनावराचा एकच पाय सडलाय आणि तोंड स्वच्छ आहे, तर ते बहुधा लाळ्या नाही. अंगभर गाठी असतील तर लम्पीचा विचार करावा. तोंड आणि पाय दोन्ही, आणि तेही दोनचार दिवसांत गोठ्यातल्या अनेक जनावरांना, ही लाळ्या-खुरकुताची खूण. खात्रीचं उत्तर मात्र फोडातलं पाणी किंवा सुटलेली कातडी प्रयोगशाळेत तपासल्यावरच मिळतं. आपल्याकडे या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात. त्यांतला कोणता, हेही तिथेच कळतं.

आता जखमेच्या वयाकडे येऊ. पहिल्या एकदोन दिवसांत फोड किंवा नुकती सुटलेली कातडी आणि धारदार कडेची लाल जखम. तिसऱ्या दिवशी कड बोथट होते, लाली उतरते. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत जखमेवर पिवळसर-राखाडी थर चढतो आणि कडेने नवी कातडी आत सरकू लागते. आठवडा उलटला की फिकट वण उरतो. खुरांच्या जखमा याहून सावकाश भरतात आणि घाणीने चिघळतात, म्हणून वय ठरवताना तोंडावरच भरवसा ठेवावा. आठवड्याच्या पुढे हा अंदाजही सैल होतो.

याचा उपयोग एका गोठ्यात करून पाहू. गोठा कल्पनेतला आहे, पण ऊसपट्ट्यात हंगामात असे गोठे पुष्कळ भेटतात. दोन संकरित गाई, एक म्हैस, एक वासरू आणि खिल्लार बैलांची जोडी. १६ नोव्हेंबरला सकाळी दोन्ही गाईंच्या तोंडाला फेस. महिन्यापूर्वी त्यांतली एक बाजारातून आणलेली, त्यामुळे घरात सगळ्यांचं बोट तिच्याकडे. डॉक्टर गाईंच्या जिभा बघतात. ताजे फोड, काही कालच फुटलेले. मग ते दावणीच्या टोकाला बांधलेल्या बैलाकडे जातात. मालक म्हणतो, ‘त्याला काय बघताय? दगड लागलाय पायाला, चार दिवस झाले लंगडतोय.’ बैलाच्या जिभेवर रुपयाएवढी एकच जखम असते, पण तिच्यावर पिवळसर थर, कडा आत आलेल्या. वय पाच-सहा दिवस. खुराच्या बेचकीत तसंच.

सहा दिवस धरले, तर बैलाला फोड आले १० नोव्हेंबरला. या रोगाचा आत शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ २ ते १४ दिवसांचा. म्हणजे बैलाला लागण झाली ती २७ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबरच्या मध्ये. या तारखांना गाय कुठेच गेली नव्हती आणि तिला आणूनही त्याआधी दहा-अकरा दिवस झाले होते. बैलजोडी मात्र कारखान्यावर ऊस टाकायला गेली होती, जिथे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या गाड्यांचे बैल एकाच हौदावर पाणी पितात. गाय सुटली, हौद सापडला.

याहून महत्त्वाचा हिशेब पुढच्या दिशेचा. बैल ७-८ नोव्हेंबरपासूनच विषाणू सोडत असणार. तेव्हापासून १६ तारखेपर्यंत कोण कोण आलं? शेजाऱ्याने दोन दिवस बैल नांगराला नेला होता. गाई भरवायला माणूस येऊन गेला. गाईंचं दूध रोज संकलन केंद्रावर गेलं आणि त्यांनाही लक्षणांआधीच लागण होती. कॅन परत येतात, पण कुठला कॅन कुणाकडे, हे कुणी बघत नाही. एवढी नावं वहीत उतरली की डॉक्टरांना आता कोणत्या गोठ्यांकडे पळायचं ते कळतं. नाही तर आठ दिवसांनी तेच गोठे त्यांना बोलावणार असतात.

बैल लक्षात का आला नाही? देशी जनावरांत हा रोग बहुधा सौम्य येतो. संकरित गाई भुईला टेकतात, खिल्लार थोडा लंगडतो आणि सावरतो. शेळ्या-मेंढ्यांत तर लक्षणं इतकी किरकोळ असतात की कळप कित्येक मैल चालून जातो आणि मेंढपाळाला शंकाही येत नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये हेच घडलं. एका वराहपालन केंद्रावरून निघालेला रोग मेंढ्यांमध्ये शिरला, मेंढ्या बाजारांतून देशभर गेल्या आणि सरकारला कळेपर्यंत तो ठिकठिकाणी पोचला होता. रोग संपवण्यासाठी तिथे ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. आपल्याकडे तो मार्ग नाही आणि नसावाही. म्हणून आपली भिस्त लसीवर आणि ये-जा थांबवण्यावर आहे.

लसीबद्दल गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. ‘लस दिली तरी लाळ्या आलाच’ आणि ‘लस दिली की दूध आटतं’. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. दोनचार दिवस दूध कमी होतं, टोचलेल्या जागी गाठ येते, पुढे जाते. पहिल्याची कारणं शोधावी लागतात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. ती गोठली तरी वाया जाते, तापली तरी. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी आणि मग दर सहा महिन्यांनी एक, हा क्रम मोडला की संरक्षण पोकळ होतं. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. शेजारी रोग आल्यावर धावत घेतलेली लस म्हणूनच पुष्कळदा उशिरा पडते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस सरकारतर्फे मोफत दिली जाते आणि २०३० पर्यंत रोग हटवण्याचं उद्दिष्ट आहे. कानातला बारा अंकी बिल्ला त्याच नोंदीसाठी आहे. कारखान्यावर जाणाऱ्या बैलांना लस द्यायची ती गाडी जुंपण्याआधी किमान तीन आठवडे. हंगाम सुरू झाल्यावर नव्हे.

रोग गावात आला असेल तर लसीकरण बाहेरून आत करत येतात. आधी लांबच्या निरोगी वस्त्या, शेवटी रोगाजवळच्या. लस टोचणाराच रोग पायाला लावून पुढच्या गोठ्यात नेऊ शकतो. आपल्या उदाहरणातल्या गोठ्यात तर त्या दिवशी लस देऊन काही साधत नाही. सुई बदलली नाही तर उलट नुकसानच.

तिथे करायचं ते साधं आहे. निरोगी म्हैस वेगळी बांधावी. कामाला लागताना आधी तिचं, शेवटी आजाऱ्यांचं. उलटा क्रम कधीच नको. आजारी आईपासून वासरू तोडावं आणि तिचं कच्चं दूध त्याला पाजू नये, कारण लहान वासरांच्या हृदयावर हा विषाणू घाला घालतो. अंगावर एक फोड न येताही धडधाकट वासरू पटकन मरतं, ते त्यामुळेच. घरच्यांसाठी दूध उकळून वापरावं. शेण आधी खरवडून काढून जमीन धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सोडा. हा विषाणू आम्लात आणि तीव्र क्षारात टिकत नाही, पण शेणाखाली लपला तर सोडा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

जखमांसाठी तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावतात. जीभ मीठ-हळदीने घासण्याचा उपाय टाळावा, उघड्या जखमेला त्याचा नुसता त्रास होतो. खायला पेज, आंबवण, कोवळं गवत. कडबा काही दिवस नको. खुरं धुऊन कोरडी ठेवावीत आणि माश्या बसू देऊ नयेत, नाही तर किडे पडतात. प्रतिजैविकाचं इंजेक्शन विषाणूला मारत नाही, ते चिघळणाऱ्या जखमेसाठी असतं. म्हणून ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावं.

बहुतेक मोठी जनावरं पंधरवड्यात उठतात, आणि तिथेच माणसं निर्धास्त होतात. काही गाई नंतर थोड्या उन्हातही धापा टाकतात, केस लांब वाढतात, गाभण राहत नाहीत, दूध पूर्ववत येत नाही. बरी झालेली जनावरं घशात विषाणू महिनोन्महिने बाळगूही शकतात. म्हणून लाळ्यातून उठलेली गाय ‘बरी झाली’ म्हणून लगेच बाजारात नेऊ नये, आणि नवं जनावर घेताना तीन आठवडे तरी आपल्या दावणीपासून दूर बांधावं.

२००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार या रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. खबर दिली की बाजार बंद होईल, गावाला नाव पडेल, या भीतीने ती लपवली जाते आणि त्या आठवड्यातच जनावरं विकली जातात. लाळ दिसल्याबरोबर दावं सोडू नका, बाजाराची गाडी थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. डॉक्टर येईपर्यंत गेल्या पंधरा दिवसांत गोठ्यात कोण आलं आणि गोठ्यातून काय बाहेर गेलं, ते तारखेवार लिहून ठेवा.