चार बाय सातमध्ये काय मावतं?

बिल्डरच्या नकाशावर बाथरूम ‘४ बाय ७’ असतं, पण ते माप बहुतेकदा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. प्लास्टर आणि डाडोची टाइल लागली की प्रत्येक भिंत इंच-सव्वा इंच आत सरकते आणि ४८ इंचांचे जेमतेम ४६ उरतात. म्हणून पुढची सगळी मापं टाइलच्या पृष्ठभागापासून धरायची, उंची तयार फरशीपासून.

आधी कमोडची जागा ठरवावी, कारण त्याचा पाइप एकदा बसला की हलत नाही. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच मोकळे हवेत, १८ मिळाले तर उत्तम. समोर गुडघ्यांसाठी २१ ते २४ इंच लागतात. कमोड आडवा, म्हणजे लांब भिंतीला पाठ लावून बसवला आणि तो २७ इंच लांब असला, तर समोर १९च इंच राहतात. बसल्यावर गुडघे भिंतीला टेकणार. २४ इंचांचा आखूड कमोड घेतला की २२ इंच मिळतात. भिंतीवर टांगलेला कमोड दिसतो आखूड, पण त्याची टाकी लपवायला नवी भिंत उभारली तर वाचलेली जागा तिथंच जाते.

चूक सर्वांत जास्त होते ती पाइपात. ९ इंची एस-ट्रॅप म्हणजे तयार भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत ९ इंच. प्लंबरनं ते माप विटेपासून घेतलं, की टाइल लागल्यावर पावणेआठ-आठच उरतात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. टाइल लावण्याआधी टेप धरून हे बघता येतं. नंतर फरशी फोडावी लागते.

मग लांबीचा हिशेब. ८४ पैकी ८२ इंच हाती असतात. टोकाला शॉवरला ३४, मध्ये कमोडला ३०, दाराजवळ बेसिनला १८. शॉवरला ३६ मिळाले तर हात मोकळे फिरतात, ३०च्या खाली कोपरं आपटतात. दार आत उघडत असेल तर त्याची पाकळी बेसिनला घासत नाही ना, हे आधी पाहावं.

बेसिनची वरची कड ३२ ते ३४ इंचांवर बरी. हल्ली टेबलावर ठेवायच्या वाडग्यासारख्या बेसिनची हौस असते. ओटा ३० इंचांवर आणि त्यावर ६ इंची बेसिन, म्हणजे कड ३६ वर! तोंड धुताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. तिथं ओटाच २७ इंचांवर घ्यावा.

शॉवरचं तोंड पावणेसात ते सात फुटांवर. त्याचा डायव्हर्टर ४० ते ४४ इंचांवर, आणि तो शॉवरखाली न जाता हाताला लागेल अशा जागी असावा, नाहीतर गार पाणी आधी डोक्यावर येतं. बादलीचा नळ दोन फुटांवर घेतला की भरलेली बादली त्याला न अडता बाहेर काढता येते.